सोमवारी सकाळी गेटवर कुणाला भेटायचं?

‘आवश्यक त्या सर्व मूळ कागदपत्रांसह वेळेवर उपस्थित राहावे.’ नव्या नोकरीवर रुजू होणाऱ्या माणसाला जो स्वागताचा मेल येतो, त्यात हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात हमखास असतं. वाचायला ठीक वाटतं, व्याकरणही चुकलेलं नाही. पण ते वाचून सोमवारी सकाळी घरातून निघायचं म्हटलं, की हातात काहीच लागत नाही. आवश्यक म्हणजे कोणती कागदपत्रं? वेळेवर म्हणजे किती वाजता? आणि उपस्थित राहायचं ते नेमकं कुठे, कारण कारखान्याला तर तीन गेट आहेत.

हा मेल नव्यानं कसा लिहायचा, हे एका नमुन्यावरून पाहू. समजा, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. गुणवत्ता विभागात एक तरुण निरीक्षक रुजू होतोय. गाव लातूरकडचं, सध्या मोशीत मित्राच्या खोलीवर उतरलेला. लॅपटॉप नाही, मेल तो फोनवरच वाचतो. त्याला आलेला मेल असा आहे:

‘विषय: कंपनी परिवारात आपले हार्दिक स्वागत! महोदय, आपली निवड झाल्याबद्दल अभिनंदन. आमची कंपनी गुणवत्ता, सचोटी व सातत्य या मूल्यांवर उभी असून गेल्या तीन दशकांत तिने लक्षणीय प्रगती केली आहे. आपणांस कळविण्यात येते की, आवश्यक त्या सर्व मूळ कागदपत्रांसह सोमवारी वेळेवर उपस्थित राहावे. ओळखपत्र व संगणक-खाते यांबाबत संबंधित विभागाशी संपर्क साधावा. सुरक्षाविषयक नियमांचे काटेकोर पालन अपेक्षित आहे. पुढील माहिती यथावकाश देण्यात येईल. सोबत जोडलेली अकरा परिपत्रके वाचून घ्यावीत.’

यात खोटं काही नाही, उद्धटपणाही नाही. लिहिणाऱ्यानं कंपनीच्या बाजूनं जे जे सांगायला हवं ते सगळं सांगितलंय. अडचण क्रियापदांत आहे. ‘कळविण्यात येते’, ‘देण्यात येईल’, ‘अपेक्षित आहे’ ही सरकारी पत्रव्यवहारातून आपल्या हाडीमाशी खिळलेली वाक्यरचना आहे, आणि तिच्यातून माणूसच गायब होतो. माहिती देण्यात येईल, पण कोण देणार? कधी? ‘संबंधित विभाग’ हा तर नव्या माणसाला दिलेला पत्ताच नव्हे. कोणता विभाग कशाशी संबंधित आहे, हेच त्याला ठाऊक नसतं. जुन्या कर्मचाऱ्याला ते पाठ असतं, म्हणून मेल लिहिताना ही उणीव त्याच्या लक्षात येत नाही.

मेल नव्यानं लिहायला बसण्याआधी एक काम करावं लागतं, आणि ते कीबोर्डवर होत नाही. मागच्या सहा महिन्यांत रुजू झालेल्या चार-पाच जणांना गाठायचं आणि विचारायचं, ‘पहिल्या दिवसाच्या आधी तुम्ही कुणाला फोन केलात, आणि काय विचारलंत?’ मेल कसा वाटला, हे विचारून उपयोग नसतो. सगळे ‘चांगला होता’ म्हणतात. फोन कशासाठी केला, हे विचारलं की खरे प्रश्न बाहेर येतात. गेट कोणतं? बस मिळेल का? बूट कुठले घालायचे? मार्कशीट गावी राहिली आहे, झेरॉक्स चालेल का? जेवणाचं काय? पगार या महिन्यात होईल का? रविवारी सुट्टी आहे ना?

शेवटचा प्रश्न भाबडा वाटेल, पण चाकण-भोसरी भागात तो महत्त्वाचा आहे. तिथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. या पट्ट्यात काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही. लातूरहून आलेला मुलगा मात्र रविवारी गावाकडच्या लग्नाला हो म्हणून बसलेला असतो. पहिल्याच आठवड्यात रजा मागायची वेळ त्याच्यावर येते, आणि साहेबांसमोर तो कारण नसताना बेजबाबदार ठरतो. दोष मेलमध्ये न लिहिलेल्या एका ओळीचा असतो.

प्रश्न हाती आले की ते लावायचे कसे, हा पुढचा भाग. जुना मेल कंपनीच्या क्रमानं चालतो: आधी इतिहास, मग मूल्यं, मग नियम, शेवटी सूचना. नवा मेल घड्याळाच्या क्रमानं लिहावा. घरातून निघणं, गेट, पहिला तास, दुपार, मंगळवार, गुरुवारची सुट्टी, आठवड्याची अखेर. वाचणारा आपल्या मनात तो दिवस चालून पाहतो, आणि ज्या क्षणी जे लागेल ते त्याला तिथेच सापडतं. कंपनीचा इतिहास अर्थातच गळतो. तो त्यानं मुलाखतीला येतानाच वाचलेला असतो.

आता नवा मेल पाहू. प्रत्यक्षात जिथे माणसांची नावं आणि फोन नंबर येतील, तिथे इथे फक्त पद लिहिलं आहे.

‘विषय: सोमवार सकाळी ८.४५, गेट क्र. २

नमस्कार,

सोमवारी तुम्ही आमच्याकडे रुजू होताय, याचा आनंद आहे. गुणवत्ता विभागात तुमच्यासोबत पाच जण आहेत आणि तुम्ही येणार हे त्यांना माहीत आहे.

सोमवारी सकाळी ८.४५ ला गेट क्र. २ वर या. सुरक्षारक्षकांच्या यादीत तुमचं नाव दिलेलं आहे, आधार कार्ड दाखवा. मी स्वतः तुम्हाला घ्यायला गेटवर येईन. कंपनीची बस मोशीच्या थांब्यावर ७.५० ला येते. तुमच्याकडे पास नसला तरी बसा, चालकाला सांगितलं आहे. वाहतुकीत अडकलात तर मला फोन करा.

पूर्ण पँट आणि बंद बूट घाला. सेफ्टी शूज कंपनी देते. त्यासाठी तुमच्या बुटांचा नंबर शनिवारपर्यंत या मेलच्या उत्तरात कळवा. जेवण कॅन्टीनमध्ये १२.३० ला आहे. आपली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी काम असतं.

सोबत या वस्तू आणा: आधार, पॅन, शेवटच्या परीक्षेची मूळ मार्कशीट (पाहून लगेच परत देतो), बँकेचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक, दोन फोटो. आधी कुठे नोकरी केली असेल तर तिथलं रिलीव्हिंग लेटर आणि पीएफचा यूएएन नंबर. घरातल्या ज्या व्यक्तीला वारस नेमायचं आहे, तिची जन्मतारीख विचारून ठेवा. एखादं कागदपत्र गावी राहिलं असेल तर घाबरू नका, आधी मला सांगा. सगळं २२ तारखेपर्यंत जमा झालं की या महिन्याचा पगार याच महिन्यात होतो.

पहिला आठवडा असा जाईल. सोमवारी सकाळी कागदपत्रं आणि सुरक्षेचं प्रशिक्षण, दुपारी सुपरवायझर तुम्हाला लाइन दाखवतील. मंगळवार आणि बुधवार तुम्ही एका अनुभवी निरीक्षकाबरोबर उभे राहून फक्त पाहायचं आणि विचारायचं. शुक्रवारी तुम्ही स्वतः ड्रॉइंग समोर ठेवून दहा नग मोजाल, ते निरीक्षक तुमची मापं तपासतील. शनिवारी चार वाजता सुपरवायझर तुमच्याशी पंधरा मिनिटं बोलतील. पहिल्या आठवड्यात माल पास की रिजेक्ट, हा निर्णय तुम्ही घ्यायचा नाही. शंका आली तर नग बाजूला ठेवा आणि विचारा.

कामाचं काहीही असेल तर सुपरवायझरना विचारा. लाइनवरच्या छोट्या गोष्टी तुमच्या जोडीदार निरीक्षकाला विचारा, त्यांना नव्या माणसांची सवय आहे. पगार, पीएफ, रजा, खोलीचा प्रश्न, यासाठी मला फोन करा, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

एक विनंती. यापूर्वी शिकताना किंवा काम करताना तुम्हाला सगळ्यात चांगलं काय जमलं, ते शनिवारच्या बोलण्यात सुपरवायझरना सांगा. सोमवारी भेटू.’

हा मेल जुन्यापेक्षा लांब आहे, आणि असू द्यावा. स्वागताचा मेल छोटाच हवा, असं बरेचदा सांगितलं जातं. जोडलेली अकरा परिपत्रकं मोजली तर मात्र जुना मेलच कितीतरी लांब होता. ती लांबी फक्त नजरेआड ठेवलेली होती. नव्या मेलला एकही जोडपत्र नाही. नियमांची परिपत्रकं सुरक्षा-प्रशिक्षणात हातात मिळतात, कुणीतरी समजावून सांगत असताना. विषयाच्या ओळीत मात्र काटकसर हवी, कारण फोनवर तिचे सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. ‘कंपनी परिवारात आपले हार्दिक’ इथेच ओळ तुटते आणि कामाचं काही हाती येत नाही. वार, वेळ आणि गेट आधी लिहिलं, तर सोमवारी सकाळी बसमध्ये मेल न उघडताही ते दिसतं.

कागदपत्रांच्या परिच्छेदाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त घोळ तिथे होतात. यूएएन हा भविष्य निर्वाह निधी संघटनेचा बारा आकडी क्रमांक. तो माणसाला एकदाच मिळतो आणि नोकरी बदलली तरी तोच चालू राहायला हवा. नवा कर्मचारी रुजू होताना फॉर्म ११ भरतो आणि आधी पीएफचा सभासद होता की नाही हे त्यात सांगतो. ज्यानं पूर्वी कुठेतरी आठ महिने कंत्राटावर काम केलंय, त्याला आपला पीएफ कापला जात होता हे कित्येकदा माहीतच नसतं. तो ‘नाही’ लिहितो. मग दुसरा यूएएन निघाला, की जुने पैसे एका खात्यात आणि नवे दुसऱ्यात, आणि ते एकत्र करायला अर्ज-विनंत्यांचं काम मागे लागतं. मेलमध्ये चार दिवस आधी विचारलं तर तो जुन्या ठेकेदाराला फोन करून नंबर मागू शकतो. सोमवारी टेबलावर फॉर्म पुढे आल्यावर ते जमत नाही.

वारसाच्या जन्मतारखेचंही तसंच. नामनिर्देशनाच्या फॉर्मवर ती लागते. आईची जन्मतारीख बऱ्याच मुलांना पाठ नसते, आणि नेमक्या त्या वेळी आई शेतावर असते, फोन घरी असतो. मेलमधल्या एका ओळीनं ही धावपळ वाचते. २२ तारखेचं कारण लिहिण्यातही हाच विचार आहे. ‘कागदपत्रे त्वरित सादर करावीत’ हे वाचून कुणी धावत नाही. उशीर झाला तर पगार पुढच्या महिन्यात जाईल, हे कळलं की माणूस स्वतःहून घाई करतो. तारीख अर्थातच प्रत्येक कंपनीची वेगळी असेल, ती पगार करणाऱ्यांना विचारूनच लिहावी.

मेलमधलं सगळ्यात किमती वाक्य पास-रिजेक्टचं आहे. अपेक्षा लिहायच्या म्हटलं की लोक काय करावं याची यादी करतात. नव्या माणसाला त्याहून जास्त आधार वाटतो तो अजून काय करायचं नाही, हे कळल्याचा. गुणवत्ता विभागात रुजू झालेल्या मुलाला भीती असते ती चुकीचा नग पास होण्याची, आणि तितकीच चांगला नग रिजेक्ट करून हसं होण्याची. कुणी काही सांगितलं नाही तर तो दोन्हींपैकी एक करतो, कारण काहीच न करता उभं राहिलं तर आळशी दिसू, असं त्याला वाटतं. ‘बाजूला ठेवा आणि विचारा’ या चार शब्दांनी त्याला एक तिसरा, सन्मानाचा मार्ग मिळतो. कामाचं ठिकाण बदललं की हे वाक्यही बदलेल. बँकेच्या शाखेत ते सहीच्या अधिकाराबद्दल असेल, रुग्णालयात औषधाच्या मात्रेबद्दल. ते काय असावं, हे मेल लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. त्यासाठी सुपरवायझरकडे जाऊन विचारावं लागतं, ‘नवा माणूस पहिल्या आठवड्यात कुठली चूक करतो?’

शेवटची विनंती थोडी वेगळी वाटेल. तिच्यामागे भारतातच झालेला एक प्रयोग आहे. डॅनियल केबल, फ्रान्सेस्का जिनो आणि ब्रॅडली स्टॅट्स या अभ्यासकांनी विप्रोच्या बीपीओमध्ये नव्या कर्मचाऱ्यांच्या पहिल्या दिवसात एक तासाचा बदल करून पाहिला; त्यांचा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गटांना नेहमीचं प्रशिक्षण मिळालं. काहींना त्या तासात कंपनीचा अभिमान वाटेल असं सांगितलं गेलं. उरलेल्यांना त्यांच्या स्वतःच्या बलस्थानांबद्दल विचार करायला आणि बोलायला लावलं, आणि त्यांच्या बिल्ल्यावर आणि स्वेटशर्टवर त्यांचं स्वतःचं नाव होतं. पुढच्या महिन्यांत नेहमीच्या गटातलं नोकरी सोडण्याचं प्रमाण या शेवटच्या गटापेक्षा सुमारे ४७ टक्क्यांनी जास्त निघालं. कंपनीच्या अभिमानाचा तासही या शेवटच्या गटाच्या मागेच राहिला. कॉल सेंटरमधला निष्कर्ष चाकणच्या लाइनवर जसाच्या तसा लागू होईल, असं म्हणता येणार नाही. पण मेलमधला कंपनीच्या इतिहासाचा परिच्छेद काढून तिथे त्या माणसाबद्दलचा एक प्रश्न घालायला एवढं कारण पुरेसं आहे.

मैत्रीपूर्ण सूर कशातून येतो, याबद्दलही गैरसमज असतो. ‘परिवार’, ‘हार्दिक’, दोन-तीन उद्गारचिन्हं यांतून तो येत नाही. नव्या मेलमध्ये आपलेपणा आहे तो ‘मी स्वतः गेटवर येईन’, ‘पास नसला तरी बसा’, ‘घाबरू नका, आधी मला सांगा’ या वाक्यांत, कारण प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी काहीतरी करणार आहे. संबोधनात ‘आपणांस’ सोडून ‘तुम्ही’ घेतलं, एवढ्यानंही अंतर कमी होतं आणि आदर तसाच राहतो. भाषा मात्र वाचणाऱ्याची हवी. याच कारखान्यात उत्तर प्रदेश किंवा ओडिशातून आलेला कामगार असेल तर त्याच्यासाठी हा मेल हिंदीत लिहावा लागेल.

याच वाक्यांमध्ये धोकाही आहे. मेलमध्ये गेटवर नाव आहे असं लिहिलं आणि सोमवारी रक्षकाकडे यादीच नसली, तर जुना रुक्ष मेल परवडला असं म्हणायची वेळ येते. म्हणून पाठवायच्या आधी मेलमधलं एकेक वाक्य घेऊन फोन फिरवायचे: गेटवर यादी गेली का, बसचालकाला कुणी सांगितलं, त्या नंबरचे सेफ्टी शूज भांडारात आहेत का, शनिवारी चार वाजता सुपरवायझर जागेवर असतील का. ज्याचं उत्तर ‘बघू’ येईल ते वाक्य मेलमधून काढायचं.

पाठवण्याच्या बाबतीतही एक ठरलेली चूक होते. मेल कंपनीच्या नव्या पत्त्यावर जातो, जो त्या माणसाला सोमवारी दुपारी पासवर्ड मिळाल्याशिवाय उघडताच येत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसाचा मेल पहिला दिवस अर्धा उलटल्यावर वाचला जातो. तो त्याच्या खाजगी पत्त्यावर, आदल्या आठवड्यात बुधवारी पाठवावा. गुरुवारी कारखाना बंद असतो आणि शंका विचारायला फोन केला तर उचलायला कुणी नसतं. बुधवारी मिळाला तर राहिलेली मार्कशीट लातूरहून एसटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती मागवता येते. फोनवरही एक निरोप टाकावा, मेल पाठवला आहे म्हणून. आणि पासवर्ड किंवा बँक खात्याचा नंबर मेलवर कधी मागू नये, पाठवूही नये. नोकरीच्या नावाखाली फसवणारे मेल अगदी तेच मागतात, आणि नव्या माणसाला खरा-खोटा ओळखता येत नाही.

मेल जमला की नाही, हे पाहायची साधी रीत आहे. मागच्या महिन्यात रुजू झालेल्या कुणाला तरी तो फोनवर वाचायला द्यायचा, मग फोन बाजूला ठेवून विचारायचं: कुठे जायचं, किती वाजता, सोबत काय, पगाराचं कुणाला विचारायचं, पहिल्या आठवड्यात काय करायचं नाही. जिथे तो अडखळतो, ती ओळ पुन्हा लिहायची.

नव्या माणसाला लिहिलेला मेल मात्र एकटा पुरत नाही. गुगलमध्ये मनुष्यबळाचं काम पाहिलेल्या लास्लो बॉक यांनी ‘वर्क रूल्स!’ या २०१५ च्या पुस्तकात सांगितलं आहे, की तिथे नवा माणूस रुजू होण्याच्या आदल्या रविवारी त्याच्या व्यवस्थापकाला एक छोटा मेल जाई. त्यात पाचच कामं असत: त्याच्या जबाबदाऱ्यांबद्दल त्याच्याशी बोला, एक जोडीदार नेमा, माणसांशी ओळखी करून द्या, पहिले सहा महिने दर महिन्याला भेटा, मोकळेपणानं बोलू द्या. ज्यांनी हे केलं, त्यांची माणसं २५ टक्के लवकर कामात रुळली. चाकणच्या सुपरवायझरना रविवारी मेल उघडायला सवड होणार नाही. त्यांना फोनवर चार ओळींचा निरोप पुरतो: ‘सोमवारी दोन वाजता नवा निरीक्षक तुमच्याकडे येतोय. मंगळवार-बुधवार जोडीदारासोबत, शुक्रवारी दहा नग, शनिवारी चारला पंधरा मिनिटं. या आठवड्यात पास-रिजेक्ट त्याच्याकडे नाही, हे लाइनवरच्या सगळ्यांना सांगा.’

त्यानंतर मेल लिहिणाऱ्याच्या टेबलावर एक वही उरते. सोमवारच्या आधी आलेला प्रत्येक फोन त्यात टिपायचा, आणि एकच प्रश्न दोनदा आला की तो पुढच्या मेलमध्ये घालायचा. या खेपेला दोघांनी विचारलं, की श्रावणाचे उपवास असतील तर कॅन्टीनमध्ये काही मिळतं का. पुढच्या मेलमध्ये १२.३० च्या जेवणापुढे एक ओळ वाढली: उपवासाची खिचडी सोमवारी आणि शनिवारी असते, सकाळी दहापर्यंत कॅन्टीनमध्ये सांगून ठेवा.